बारा शून्ये

थोरल्यांचा क्रोध पाहुण्यासारखा येऊन जाणारा नव्हता. एकदा आला की तो घरच्या कर्त्यासारखा ठाण मांडून बसे. त्या सकाळीही ते मधल्या दारापाशी हाताची घडी घालून उभे होते, आणि त्यांच्या आज्ञेवरून गवंडी त्या दारात विटा रचत होता.

वडिलांनी बांधलेल्या घराचे दोन भाग होते. एकात थोरले राहत, दुसऱ्यात धाकटा. मधल्या दाराला कडी होती, पण ती कधी कोणी लावली नव्हती. वाय-फायचे यंत्र धाकट्याच्या बैठकीत असे आणि ते दोन्हीकडे पुरे. गेल्या आठवड्यात थोरल्यांच्या टीव्हीच्या आवाजावरून खटका उडाला, तेव्हा धाकटा दारातून गरजला होता, "दादा, आवाज कमी कर, नाहीतर तुझ्या टीव्हीचं नेटच बंद करून टाकीन!" दुसऱ्याच दिवशी टीव्हीचे नेट गेले.

"अहो, आपले फोन चालताहेत की त्याच वाय-फायवर," पत्नीने समजावून पाहिले.

"म्हणून तर! सगळं बंद केलं असतं तर बिघाड म्हटलं असतं. नेमका माझा टीव्हीच वेचून काढलाय. घरभेदी मेला!"

हा शब्द त्यांनी गवंड्यादेखत, पलीकडे ऐकू जाईल असा उच्चारला होता. धाकटा विटांपलीकडे येऊन उभा राहिला. भिंत त्याच्या कमरेपर्यंत आली होती.

"मी काहीही बंद केलेलं नाही. बंद केलेल्यांची यादी इथे माझ्या फोनवर दिसते, रिकामी आहे. पटत नसेल तर तुझ्या टीव्हीचा नंबर वाच, जोडणीच्या माहितीत असतो. यादीत शोधून दाखवतो."

थोरल्यांनी रिमोट उचलला. पडद्यावर जोडणीची माहिती उघडली, तर 'वायरलेस'पुढे आकड्यांच्या जागी शून्ये होती. दोन-दोनच्या जोड्या, एकूण बारा, एकही आकडा वेगळा नाही. त्यांच्या मस्तकात तिडीक गेली.

"शून्य! नुसती शून्यं! माझा नंबरसुद्धा पुसून टाकलास? गवंडीदादा, हात चालवा, हात!"

त्याच वेळी पत्नीने बोलावलेला टीव्ही दुरुस्तीवाला आला. थोरल्यांनी त्याला बसूही दिले नाही. "हे माझ्या भावाचे उद्योग. लिहून द्या मला."

दुरुस्तीवाल्याने सेटिंग उघडली. वाय-फायची ओळ करडी पडली होती. रिमोटचे बटण दाबले तरी ती उघडेना. त्याने टीव्हीचा प्लग काढला, थोडा वेळ थांबून पुन्हा लावला. ओळ करडीच राहिली. मग मागचे झाकण उघडून त्याने आतली वाय-फायची छोटीशी पट्टी दाखवली, तिची वायर काढून नीट बसवली. शून्ये हलली नाहीत.

"काका, भाऊंनी अडवलं असतं ना, तर ही ओळ चालू दिसली असती. नावं दिसली असती, फक्त जोडलं गेलं नसतं. इथे टीव्हीला स्वतःचं वाय-फायच सापडत नाहीये. तो नंबर या पट्टीतच असतो. ती उत्तर देत नाही म्हणून शून्यं. बाहेरून कोणी पुसू शकत नाही. पट्टी गेलीय, बदलावी लागेल."

"मग तोवर?"

"तोवर वाय-फायच्या यंत्रातून टीव्हीला केबल लावा. केबलचा नंबर बघा, व्यवस्थित आहे. यंत्र कुठाय तुमचं?"

सगळ्यांच्या नजरा मधल्या दाराकडे वळल्या. दुरुस्तीवाल्याने त्या नजरांच्या रोखाने पाहिले आणि तो विटांकडे बघत राहिला.

"भोक ठेवू का एक, वायरीपुरतं?" गवंड्याने थापी थांबवून विचारले.

"मुळीच नाही!" हे धाकटा ओरडला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "घरभेद्याच्या घरातून वायर कशाला? बांधा, बांधा! पार छतापर्यंत बांधा. आता मलाच हवीय ही भिंत!"

थोरल्यांच्या तोंडून क्षमेचा शब्द फुटेना. आयुष्यात तो त्यांनी धाकट्याला उद्देशून कधी उच्चारलाच नव्हता, आणि आता तो शोधू जाता सापडत नव्हता. राग मात्र होता तसाच होता. फक्त त्याला टेकायला जागा उरली नव्हती. ते पुढे झाले आणि त्यांनी वरच्या थरातली वीट दोन्ही हातांनी उपटली. विटांमधला ओला सिमेंटचा माल त्यांच्या धोतरावर सांडला.

"अहो मालक, मेहनतीचं काम आहे!" गवंडी कळवळला.

"तुमची मजुरी तुम्हाला मिळेल. बाजूला व्हा."

दुसरी वीट. तिसरी. बोटांना सिमेंट झोंबू लागले, एक नख उलटून रक्त भिंतीपलीकडे ठिबकू लागले.

"दादा, पुरे. नाटकं नकोत," धाकटा म्हणाला. थोरले थांबले नाहीत. "अरे, हात कापून घेतोयस! अक्कल आहे की नाही? वहिनी, आवरा यांना!"

"मी कशाला आवरू?" पत्नी कडाडली. "ती भिंत बांधायला लावली कोणी? तेच पाडतील."

धाकट्याने दात-ओठ खाल्ले. मग तो वाकला आणि त्याने आपल्या बाजूने उघड्या पडलेल्या थरातली वीट ओढली.

"माफ केलं म्हणून नाही हं," तो खेकसला. "रक्त माझ्या फरशीवर पडतंय म्हणून."

"काढ गप," थोरले गुरगुरले, आणि दोघे एकमेकांकडे न पाहता विटा उतरवू लागले.