पावतीची झेरॉक्स

पाण्याचे नमुने घेण्याच्या खिडकीवर सात वर्षं बसून तिला एक सवय जडली होती. कागद कमी पडू द्यायचा नाही. बाटली आणणाऱ्याच्या फॉर्मवर एक सही नसली, की ती बाटली आल्या पावली परत. प्रयोगशाळेत सगळे तिला लेबलबाई म्हणत आणि तीही हसून घेई.

संध्याकाळच्या पदविका वर्गाला बसायचं, तर कॉलेजला कार्यालयाचं ना-हरकत पत्र हवं होतं. पदविका झाली की खिडकी सुटून आत तपासनीस होता येणार होतं. मात्र पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे या वर्षी, नाहीतर कधीच नाही.

आस्थापना शाखेतल्या आक्कांनी तिला बजावलं होतं, "अर्ज आणि कॉलेजचं माहितीपत्रक जोड. बस." पण लेबलबाईच ती! तिने वर्गाचं वेळापत्रक जोडलं, शिवाय फीच्या पावतीची झेरॉक्सही. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सहपत्रे: तीन.'

पाचव्या दिवशी आक्कांनी बोलावलं. चष्मा कपाळावर, फाईल उघडी.

"हे काय जोडलंयस?"

"फीची पावती. प्रवेश खरा आहे हे दिसावं म्हणून."

"अगं बाई, खरा आहे हेच तर संकट आहे! नियमात शब्द काय? पूर्वपरवानगी. आधी परवानगी, मग प्रवेश. तुझ्या पावतीवर बारा तारीख, अर्जावर एकोणीस."

"जागा भरत आल्या होत्या, आक्का. आणि तो तात्पुरता प्रवेश आहे. तीस तारखेपर्यंत पत्र दिलं नाही, तर आपोआप रद्द होतो."

"तू पावती लावली नसतीस, तर कोण विचारायला आलं होतं?"

"काढून घेऊ?"

"सहपत्रं तीन, असं स्वतःच्या हाताने लिहिलंस. वर आवक क्रमांक पडलाय. आता दोनच निघाली तर माझ्या निवृत्तीला आठ महिने आहेत, ते मी खुलासे लिहिण्यात घालवू?"

आक्कांनी फाईल तिच्याकडे फिरवली. समासात साहेबांची पेन्सिल होती: 'विनापरवानगी प्रवेश. खुलासा मागवावा.'

"खुलासा मागवला, की तो तुझ्या वैयक्तिक फाईलला लागतो," आक्का हळूच म्हणाल्या. "उद्या कसल्याही पदासाठी अर्ज केलास, की पहिल्यांदा तोच वर येणार. पेन्सिल आहे तोवर खोडता येतं. तू अर्ज मागे घे."

ती साहेबांकडेही गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, तेच वाईट होतं. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "तुमची तळमळ कळते हो. पण आज तुमचं चालवून घेतलं, तर उद्या दहा जण आधी पावती फाडतील आणि मग माझ्याकडे येतील. मागे घेतलात तर मी काही लिहीत नाही."

"नव्याने अर्ज केला तर?"

"नवी परवानगी, मग नवा प्रवेश. यंदा जागा आहेत का?"

तिने कॉलेजला फोन केला. नव्हत्या.

घरी गेल्यावर लेक दारातच उभी. गेले आठ दिवस ती आजीजवळ झोपायची सवय करत होती, कारण 'आईची शाळा' सुरू होणार होती.

"आज पण मी आजीकडेच झोपणार. मी रडत नाही आता!"

"शहाणी माझी बाय."

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "पावती कशाला जोडायची? कुणी मागितली होती का?" फी लवकर भरून टाक म्हणून मागे लागलेला तोच होता, हे दोघांनाही आठवत होतं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "जाऊ दे गं. दोन वर्षं तुझी ओढाताणच झाली असती," त्या म्हणाल्या. आवाजात माया होती आणि सुटल्याचा उसासाही. तिने दोन्ही ऐकलं. तिला सगळंच ऐकू येतं, तीच तर तिची खोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अर्ज मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. 'वैयक्तिक कारणास्तव.' खाली सवयीने हात थांबला. तिने लिहिलं, 'सहपत्रे: निरंक.' आक्कांनी खोडरबर घेऊन समास पुसला, फुंकर मारली. पेन्सिलीचा वळ तेवढा कागदावर राहिला.

खिडकीशी एक माणूस बाटली घेऊन उभा होता. फॉर्मवर पर्यवेक्षकाची सही नव्हती.

"लांबून आलोय हो ताई. बाटली ठेवून घ्या, सही दुपारी आणून देतो."

तिने बाटली उजेडाकडे धरून पाहिली. पाणी स्वच्छ होतं, निदान तसं दिसत तरी होतं.

"आधी सही," ती म्हणाली आणि बाटली खिडकीबाहेर सरकवली.