दोन मिलिमीटर

लोकांच्या नाकांचे फोटो काढून मला अठरा वर्षं झाली, आणि या अठरा वर्षांत माणसाच्या अकलेबद्दलचं माझं मत दर वर्षी थोडं थोडं खाली आलं आहे. आमच्या दवाखान्यात नाकाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई आहेत आणि शेजारच्या खोलीत मी, एक कॅमेरा, निळा पडदा आणि जमिनीवर चिकटवलेली पट्टी. पेशंटने पट्टीवर उभं राहायचं. समोरून एक, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरके आणि खालून एक, असे सहा फोटो. तोंडावर रंग नको, हसू नको. बहुतेकांना निम्मा धक्का तिथेच बसतो. मोबाईलमध्ये चेहरा गुळगुळीत करून घ्यायची सवय झालेली असते, आणि इथे मी कातडीवरचं एक छिद्रसुद्धा लपवत नाही.

येतात कसे, तेही सांगते. कुणीतरी परक्या नटीचा फोटो आणतं आणि म्हणतं, असंच हवं. अगं बाई, ते नाक त्या चेहऱ्यावर बसतं, तुझ्या चेहऱ्यावर ते उसनं आणल्यासारखं दिसेल. कुणाला नवरा परत यायला हवा असतो, कुणाला बढती. नाक बदलून बढती मिळत असती तर आमचा शिपाई आज मॅनेजर असता.

तर माझी भाची आली ती अशाच शहाण्यांपैकी एक होऊन. वय चोवीस, बँकेत नोकरी, स्वभावाने गरीब. आम्ही तिला मिठू म्हणतो. हे नाव मीच ठेवलं, ती चौथीत असताना, तिच्या नाकाला जरा बाक दिसायला लागला तेव्हा. सगळ्या घराला इतकं आवडलं की तिची आईसुद्धा तेच म्हणायला लागली.

मंगळवारी माझी बहीण तिला घेऊन आली ती रडवेली होऊन. पोरीने परस्पर बाजारपेठेतल्या एका 'स्टुडिओ'त नाव नोंदवलं होतं आणि ऑपरेशन शुक्रवारी होतं. मावशी याच धंद्यात अठरा वर्षं बसलेली, आणि हिने विचारलंसुद्धा नाही. मला राग आला तो आधी याचा, हे कबूल करते.

मी तिला विचारलं, चाकू कोण धरणार आहे? तिला माहीत नव्हतं. तिथल्या गोड मुलीने सांगितलं होतं, 'आमची टीम' करते. भूल कोण देणार? टीम. महिन्याला अशी किती नाकं करतात? ते विचारायचं सुचलंच नव्हतं. श्वासाची तपासणी झाली का, नाकाच्या आत कुणी डोकावलं का? नाही. कॉम्प्युटरवर तिचा फोटो घालून नाक असं निमुळतं केलं होतं की जणू पेन्सिलला टोक काढलंय. हिने ते मोबाईलवर जपून ठेवलेलं, आणि दिवसातून दहा वेळा उघडून बघायची.

त्यांचा अल्बमही तिच्याकडे होता. 'आधी' आणि 'नंतर'. मी दोनच पानं पाहिली आणि हसू आवरेना. आधीचा फोटो जवळून, मान खाली, उजेड बाजूने. नंतरचा लांबून, मान जरा वर, उजेड समोरून, ओठांना रंग. आणि तारखा बघाव्यात तर ऑपरेशननंतर तीन आठवडे. तीन आठवड्यांत नाकाची सूज नीट उतरतसुद्धा नाही. खरा निकाल कळायला वर्ष लागतं, जाड कातडी असेल तर त्याहून जास्त. वर्षानंतरचा एकही फोटो त्या अल्बमात नव्हता.

बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी तिला पट्टीवर उभं केलं. आधी मोबाईल हातभर अंतरावर धरून, मान खाली करायला लावून फोटो काढला. मग दोन मीटर मागे जाऊन, कॅमेऱ्याला लांबची लेन्स लावून, मान सरळ ठेवून दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी स्क्रीनवर लावले. दुसऱ्यात नाक चांगलंच लहान होतं. मिठू बघतच राहिली.

"हे तू कॉम्प्युटरवर केलंस?"

"काही केलं नाही. मी फक्त मागे सरकले."

जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, आणि ही पोरगी वर्षभर हातभर अंतरावरच्या त्या खोट्या नाकाशी भांडत होती. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, नाकाचंही तसंच. बाजूने काढलेल्या फोटोत मात्र मधला उंचवटा तसाच राहिला. तो खरा होता, आणि तो नाही असं म्हणायला मी तिची आई नाही.

मग डॉक्टरबाईंनी तपासलं. आत दिवा घालून पाहिलं, श्वास घ्यायला लावला, कातडी चिमटीत धरली. सांगितलं ते असं: उंचवटा दोन मिलिमीटर उतरवता येईल, टोक किंचित उचलता येईल, बस. कातडी जाड आहे, आतलं हाड कितीही कोरलं तरी वरून ती पेन्सिल दिसणार नाही. जास्त काढलं तर बाजूच्या भिंती खचतात, श्वास अडतो, आणि मग दुरुस्तीला माणसं आमच्याकडे येतात. चांगल्या हातांतूनही शंभरातल्या पाच-दहा जणांना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. चांगलं झालं तर लोकांना कळणार नाही काय बदललं.

"कळणारच नसेल तर करायचं कशाला?" बहिणीने विचारलं. मूर्ख प्रश्न नव्हता, पण तिने विचारल्यामुळे मला तसा वाटला.

बाई तिच्याकडे न बघता मिठूला म्हणाल्या, "हे खुपतंय कधीपासून? आणि तुम्हाला खुपतंय की कुणी सांगितलं?"

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आलेल्यांना परत पाठवतात. मी दारात हात बांधून उभी होते, उत्तर माहीत असल्यासारखी. बँकेतलं कुणीतरी, नाहीतर एखादा मुलगा.

मिठू म्हणाली, "चौथीपासून. त्याआधी मला माझं नाक माहीतच नव्हतं. मावशीने मिठू म्हटलं तेव्हा मी आरशात गेले."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. जगभरातल्या थिल्लर लोकांना मी अठरा वर्षं नावं ठेवत होते, आणि घरातल्या पोरीला त्यांच्या रांगेत मीच उभं केलं होतं.

बाईंनी तारीख दिली नाही. दोन महिन्यांनी परत या, म्हणाल्या, तेव्हाही हवंसं वाटलं तर बोलू. शुक्रवारचं नाव मिठूने तिथेच बसून फोनवर काढून टाकलं.

दोन महिन्यांनी ती एकटी आली. बाईंच्या सगळ्या प्रश्नांना तिने स्वतः उत्तरं दिली. तिला आरशात उंचवटा नको होता, बाकी सगळं राहू दे. ऑपरेशन झालं, आठवडाभर नाकावर पट्टी होती, डोळ्यांखाली काळंनिळं. ती सगळी दुखणी तिने मुकाट्याने काढली. मी रोज जात होते, नाकाबद्दल चकार शब्द न काढता, आणि ते मला किती जड गेलं ते मला ओळखणारे जाणतात.

वर्षाने फोटोंसाठी ती पट्टीवर उभी राहिली. बँकेत कुणाला काही कळलं नव्हतं, एकाने एवढंच विचारलं होतं की सुट्टी घेतली होतीस का, ताजी दिसतेस. मला जुना फोटो शेजारी लावल्याशिवाय फरक दाखवता आला नसता. नाक तिचंच होतं. फोटो काढण्याआधी मी फाईलला नाव द्यायला कॉम्प्युटरवर बसले. पहिल्या फाईलवर मीच सवयीने लिहिलं होतं, मिठू. मी ते खोडलं आणि तिचं खरं नाव घातलं. घालताना लक्षात आलं की पंधरा-सोळा वर्षांत मी ते एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं.

मी मागे वळून ते नाव घेऊन हाक मारली आणि म्हटलं, मान सरळ ठेव. तिने लगेच ठेवली नाही. आधी माझ्याकडे पाहिलं.