उलटी फुली

सिरिंज वर पाठवून झाली, तरी तिचा अंगठा दुखत होता.

फार्मसीच्या खिडकीवर रांग लागली होती. तरुण फार्मासिस्ट कागद घेत होती, गोळ्या मोजत होती, "जेवणानंतर" असं सांगत होती. पण मन जागेवर नव्हतं. अंगठा का दुखावा? रोज इतक्या सिरिंज भरते.

सकाळी तिचं आत्याशी वाजलं होतं. आत्या याच फार्मसीत सीनियर. "बघून भर गं," असं तिनं चारचौघांत म्हटलं, आणि हिनं ताडकन ऐकवलं, "आत्या, दर वेळी माझ्या मानगुटीवर बसू नकोस. मी काही लहान नाही." त्यानंतर दोघी फक्त कामापुरतं बोलत होत्या. म्हणजे जवळजवळ नाहीच.

मग वरून नवजात कक्षाची मागणी आली. बाळाच्या रक्तातली साखर टिकत नव्हती; साडेबारा टक्क्यांचं ग्लुकोज हवं, चाळीस मिली. एरवी पन्नास टक्क्यांच्या बाटलीतून त्या करत, त्याचं प्रमाण तोंडपाठ होतं. पण आज पन्नासची संपली होती. कपाटात पंचवीसची होती आणि पाचची. किती कशातून घ्यायचं ते काढायला तिनं कागदावर फुली काढली: डावीकडे वर पंचवीस, खाली पाच, मध्ये साडेबारा. तिरप्या रेषेनं वजाबाकी केली. साडेबारा आणि साडेसात. म्हणजे पाचास तीन. एकातून पंचवीस मिली, दुसऱ्यातून पंधरा. बेरीज चाळीस. एक मोठी, एक लहान अशा दोन सिरिंजनी ओढून तिसरीत एकत्र केलं.

तपासणीसाठी कागद आत्याकडे सरकवला. नियम असा की तपासणाऱ्यानं पहिल्याचं गणित न बघता आपलं स्वतंत्र मांडायचं. आत्यानं बेरीज पाहिली, लेबल पाहिलं, सही ठोकली.

"ताई, खोकल्याचं औषध देताय ना?" खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं.

बाटली उचलताना तिच्या अंगठ्यातून कळ गेली, आणि तिला आठवलं. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या जड गेला होता. पाच टक्क्यांचं द्रावण पाण्यासारखं सरकन येतं. जड येतं ते पंचवीसचं, चिकट असतं म्हणून.

मग मोठ्या सिरिंजमध्ये काय होतं?

"आत्या, माझी फुली उलटी झाली बहुतेक."

आत्यानं चष्म्यावरून पाहिलं. "बहुतेक म्हणजे?"

"जास्तीचा वाटा मी पंचवीसचा घेतला. तिरपं वाचलं, समोरासमोर नाही." बोलता बोलता ती नवजात कक्षाचा नंबर फिरवत होती. एंगेज. पुन्हा एंगेज. "आत्या, तू ट्रे बघ. मी वर जाते."

वापरलेल्या बाटल्या वॉर्डचा फोन येईपर्यंत ट्रेमध्ये ठेवायच्या, ही इथली पद्धत. ती जिन्यापर्यंत पोचली नाही तोच मागून आत्याचा आवाज आला, "पंचवीसची कोरडी आहे! पंचवीस मिलीतलं दहा मिली उरायला हवं होतं. पळ!"

पायऱ्या चढताना तिचं डोकं गणित करत राहिलं, नको असताना. पंचवीस गुणिले पंचवीस, अधिक पंधरा गुणिले पाच, भागिले चाळीस. साडेसतरा टक्के. इवल्याशा शिरेत साडेसतरा.

दारातच सिस्टर भेटल्या. त्यांच्या हातात तीच सिरिंज होती.

"लावू नका!"

"अगं, हळू! बाळं झोपलीत. आत्ता कुठे सलाईनचा पंप मोकळा झाला, लावायलाच निघाले होते."

"चुकलंय. माझं. दुसरी आणते."

सिस्टरांनी सिरिंजवरचं लेबल पाहिलं. मग सिरिंज तिच्या हातात देत म्हणाल्या, "आधीचं पातळ ग्लुकोज चालू आहे, पण साखर पुन्हा उतरतेय. डॉक्टरांना मी सांगते. तू धावत ये."

खाली आत्यानं नवीन बाटल्या पुसून मांडल्या होत्या. दोन कोरे कागदही. "पाठ कर माझ्याकडे. मीही करते. मघाशीच करायला हवं होतं. रुसून सही केली मी."

दोघींनी पाठमोऱ्या उभ्या राहून फुली काढली. साडेबारा पाचपासून साडेसात लांब आहे, पंचवीसपासून साडेबारा. जवळ आहे पाचच्या. मग पाचचंच जास्त लागणार. इतकी साधी गोष्ट, आणि तिनं बेरजेवर विश्वास ठेवला होता. बेरीज तर उलटं घातलं तरी चाळीसच येते.

"पंचवीसचं पंधरा," आत्या म्हणाली.

"पाचचं पंचवीस," ती म्हणाली.

या वेळी मोठ्या सिरिंजचा दट्ट्या अलगद मागे आला. लहान सिरिंजचा किंचित अडला, तेवढाच. आत्या शेजारी मानगुटीवर बसल्यासारखी उभी होती. हिला बरं वाटलं.

सिरिंज वर गेली. पंप सुरू झाल्याचा फोन आला. तरी ती खिडकीत बसली नाही. रांगेतले लोक कुरकुरू लागले.

"आता काय?" आत्यानं विचारलं.

"साखर पुन्हा कधी तपासतील?"

"अर्ध्या तासानं. जा, वर जाऊन उभी राहा. नाहीतर इथं कुणाला तरी जुलाबाच्या गोळीऐवजी झोपेची देशील."

ती निघाली. जिन्यात थांबून तिनं खिशातला कागद काढला आणि फुली परत एकदा पाहिली. बरोबर होती. दोन पायऱ्या चढून तिनं पुन्हा पाहिली.