चाळीस पत्रं, एकेचाळीस उत्तरं

चाळीस पत्रांना एकेचाळीस उत्तरं आली आणि त्यात मावशीचं तिसरं मशीन गेलं. एवढं सांगून टाकलं की गोष्ट संपते. पण ऑफिसात कुणालाही विचारा, असं काही झालेलंच नाही. पत्रं गेली नाहीत, उत्तरं आली नाहीत, आणि मशीन म्हणाल तर त्यांना चहाचं तेवढं माहीत आहे. तेव्हा आपणही काही झालं नाही असं धरू आणि पहिल्यापासून बघू.

टेबलफॅन बनवणारी कंपनी. गोडाऊनच्या डोक्यावर पत्र्याची अर्धी माडी, तिच्यात अकाउंट्स. फॅन बनवणाऱ्या कंपनीच्या या खोलीत एकच फॅन होता आणि तो नापास झालेल्या मालातला होता. खाली ट्रक रिकामा व्हायला लागला की वर कॅल्क्युलेटर थरथरायचे. खात्याचे प्रमुख टोटलसाहेब. कुठलंही बोलणं ते 'मग टोटल काय?' असं विचारून संपवत, बायकोशीसुद्धा, असं म्हणतात. त्यांच्या हाताखाली धाकटा. तो चौतीस वर्षांचा होता, पण त्याच्यानंतर खात्यात कुणी लागलंच नव्हतं, त्यामुळे धाकटाच राहिला.

दर वर्षी हिशेब बंद झाले की ऑडिटरला माल पुरवणाऱ्यांकडून शिल्लक कबूल करून हवी असे. म्हणजे कंपनीच्या वहीत जेवढं देणं दिसतं तेवढंच समोरच्याच्या वहीत येणं दिसतं ना, हे त्याच्याच तोंडून. त्यासाठी एक पत्र होतं. अकरा वर्षं तेच. त्यात एकच वाक्य होतं आणि ते सव्वा पानाचं होतं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं निघून ते बऱ्याच ठिकाणी थांबत थांबत 'पंधरा दिवसांत हरकत न आल्यास सदर शिल्लक मान्य असल्याचे गृहीत धरण्यात येईल' इथे पोचून एकदाचं आडवं व्हायचं. गेल्या वर्षी चाळिसांतून तीन उत्तरं आली. एकाने नवे दर कळवले, एकाने वकील पाठवला, आणि तिसऱ्याने 'आपले पत्र मिळाले, दुःख झाले' असं लिहिलं.

यंदाच्या ऑडिटरबाई नव्या होत्या. पत्र त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे. पत्र नव्याने लिहा. पटो न पटो, उत्तर द्यायलाच सांगा. आकडा छापू नका, जागा कोरी ठेवा. छापलेल्या आकड्याखाली लोक न वाचता सही करतात, आणि देणं कमी दाखवलं असेल तर तो आकडा पाहून कोण कशाला भांडेल? नावं त्या स्वतः निवडणार, पत्रं त्या स्वतः पाठवणार, उत्तरंही थेट त्यांच्याच पत्त्यावर येणार.

टोटलसाहेबांनी काम धाकट्यावर ढकललं, कारण वॉचमनच्या निरोपाचं भाषण त्याने लिहिलं होतं आणि ते ऐकून वॉचमनने निवृत्ती रद्द करायला अर्ज केला होता. सूचना एवढीच दिली, "सोपं लिही. पण फार सोपं नको."

धाकट्याने पहिला मसुदा मावशीला फोनवर वाचून दाखवला. त्याची आई गेल्यावर याच मावशीने त्याला वाढवलं होतं, आणि ती याच कंपनीला पुठ्ठ्याची खोकी पुरवायची. गल्लीच्या टोकाला तिचा कारखाना: दोन जुनी मशीनं, आणि हप्त्यांवर घेतलेलं तिसरं, जे खोक्यावर फॅनचं चित्र छापायचं. मसुदा संपेपर्यंत तिने ऐकून घेतला.

"हे मला वाचून दाखवतोयस की मयताला?" तिने विचारलं.

मग कळलं की कंपनीचं ते जुनं पत्र ती दर वर्षी न फोडता गादीखाली ठेवायची. दंडाचं असेल, आपण वाचलं नाही तर लागू होणार नाही, असा तिचा हिशेब. दोघांनी मिळून ते भादरलं. जे वाक्य मावशीला पहिल्या फटक्यात कळलं नाही ते गेलं. शेवटी उरलं ते असं:

'वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडून तुम्हाला किती येणं होतं, ते तुमची वही पाहून लिहा. आमची नव्हे. ज्या बिलांचे पैसे मिळाले नव्हते त्यांचे नंबर, तारखा आणि रकमा खाली लिहा. काहीच येणं नसेल तर शून्य लिहा, पण लिहा. सही-शिक्का करून हे थेट आमच्या ऑडिटरना पाठवा, आम्हाला नको. ही पैशांची मागणी नाही, आणि हे भरलं म्हणून पैसे लवकर मिळतील असंही नाही.'

शेवटचं वाक्य धाकट्याचं. मावशी म्हणाली, हे कशाला, उगाच माणसाचा जीव खट्टू होतो. तो म्हणाला, खरं ते लिहावं. ऑडिटरबाईंना मसुदा आवडला. टोटलसाहेबांनी लेटरहेडवर सह्या केल्या, पण वाचलं नाही. एवढं तोकडं पत्र वाचण्यासारखं नसणार, अशी त्यांची समजूत.

आता हिरव्या फायलीचं सांगायला हवं. वर्षाचे शेवटचे दोन महिने आलेली बिलं कंपनीत वहीत चढत नसत. माल खाली उतरायचा, त्याची पावती फाटायची, माल मोजून साठ्यात धरला जायचा. बिल मात्र हिरव्या फायलीत जाऊन बसायचं. नवं वर्ष लागलं की ते निघायचं आणि दुसऱ्या महिन्यात पैसे मिळायचे. माल मोजायचा आणि बिल मोजायचं नाही, म्हणजे नफा आपोआप दिसतो, आणि त्या नफ्याकडे बघून बँक उचल देते. ही फाईल धाकटाच सांभाळायचा. डॉक्टरकडे नंबर लावून लोक बसतात तशी ती बिलं बसलीत, यापलीकडे त्याने कधी विचार केला नव्हता. मावशीची तीन बिलं त्यातच होती. तिच्या खात्यावर वर्षअखेर शून्य दिसत होतं, आणि बाईंच्या चाळीस नावांत ती नव्हती.

आपण काय लिहून बसलोय, हे त्याच्या पत्रं गेल्याच्या चौथ्या दिवशी, जिना उतरताना लक्षात आलं. तो तिथेच पायरीवर बसला. खालून हमाल म्हणाला की साहेब, बाजूला व्हा, माल वर न्यायचाय. तो बाजूला झाला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

उत्तरं आली. सगळ्यांची आली. वायरवाल्याने तर सोबत खात्याचा उतारा जोडला आणि वर लिहिलं की इतकं कळणारं पत्र आयुष्यात प्रथमच आलं. दोघांचा फरक वाटेतल्या चेकचा निघाला, तो सुटला. बाकीचा सुटेना. बाईंनी बिलांचे नंबर घेतले, खाली जाऊन मालाच्या पावत्या काढल्या, आणि तारखा जुळल्या. मग त्यांनी एकेचाळिसावं उत्तर टेबलावर ठेवलं. वहीच्या पानावर हाताने आखलेला तक्ता, तीन बिलं, खाली खोक्याच्या कारखान्याचा शिक्का.

"यांना मी पत्र पाठवलंच नव्हतं," बाई म्हणाल्या.

मावशीने फोनवर ऐकताना सगळं उतरवून घेतलं होतं, पत्त्यासकट. धाकट्याने सांगितलं की ही माझी मावशी. बाईंनी तशी नोंद केली, या खात्याला यापुढे हात लावू नका म्हणाल्या, आणि हिरवी फाईल मागितली. त्याने दिली. ती रिकामी झाल्यावर फारच पातळ दिसत होती.

बिलं वहीत चढली आणि नफा उतरला. उतरता उतरता शून्य ओलांडून तोट्यात गेला. बँकेने आकडे बघून उचल निम्म्यावर आणली. मग मालकांनी वरून सांगितलं की जुनं देणं सगळं थांबवा, आणि पॅकिंग साध्या कागदात करा. टोटलसाहेबांनी धाकट्याला बोलावलं. ओरडले नाहीत, हे जास्त वाईट.

"तुझ्या पत्रात एकच चूक आहे," ते म्हणाले. "ते समजतं." मग त्यांनी जुनं सव्वा पानी पत्र कपाटातून काढलं, त्याच्यावरची धूळ हाताने झाडली, आणि सांगितलं की मधलं काही झालं नाही. पुढच्या वर्षी हेच जाईल. टोटल विचारायला ते विसरले.

शनिवारी धाकटा मावशीकडे गेला. तिसरं मशीन त्याच सकाळी टेम्पोतून गेलं होतं. तीन हप्ते थकले होते, तीन बिलांइतकेच. फरशीतून चार बोल्ट वर आलेले होते आणि मावशीने कुणी ठेचकाळू नये म्हणून प्रत्येकावर एकेक खोकं उपडं घातलं होतं. खोक्यांवर फॅनचं चित्र होतं. चारही फॅन एकाच दिशेला बघत होते.

तिने त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "माझी बिलं खरी धरली ना त्यांनी?"

"धरली."

"वहीत चढली?"

"चढली, मावशी."

"मग पैसे?"

तो गप्प राहिला. गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, असं बाई म्हणाल्या होत्या. मावशीने मात्र ती कबुलीच धरली. "तू लिहिलं होतंस तसं," ती म्हणाली. "चांगलं लिहितोस रे. मीच म्हणत होते, काढ ते वाक्य." थोड्या वेळाने तिने आपलं लेटरहेड पुढे केलं, एक अर्ज लिही म्हणाली. काय मागायचं ते तिने सांगितलं. त्याला वाटलं ती चेष्टा करतेय; तिच्या तोंडाकडे बघून त्याने पेनचं टोपण काढलं. या वेळी त्याने मुद्दाम जुन्या पत्राची भाषा घेतली. ज्यांना अर्ज द्यायचा त्यांना दुसरी कळत नव्हती.

सोमवारी अर्ज टपालाने त्याच्याच टेबलावर आला. त्याने आवक शिक्का मारला, नंबर टाकला, आणि तो लावायला दुसरी जागा नव्हती म्हणून रिकाम्या हिरव्या फायलीत लावला.

'प्रति, लेखा विभाग. विषय: आमची तीन बिले हिशेबातून वगळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमची बिले खरी असल्याचे आपल्या ऑडिटरांनी मान्य केले, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. तथापि आमची बिले आपल्या वहीत नसत तेव्हा त्यांचे पैसे दर वर्षी दुसऱ्या महिन्यात न चुकता मिळत असत, असा आमचा अनुभव आहे. तरी सदर तीन बिले आम्ही कधी दिलीच नव्हती, असे गृहीत धरून ती पूर्ववत हिरव्या फायलीत ठेवण्यात यावीत व तेथून नेहमीप्रमाणे अदा करण्यात यावीत, ही नम्र विनंती. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास आपणास मान्य असल्याचे गृहीत धरण्यात येईल.'