सुहासिनीबाईंचं वलय

पुण्यवान माणसाचं तेज देहासोबत जळत नाही, ते मागे उरतं. राजेंद्र नगरातल्या गजाननरावांच्या घरी ते त्रेचाळीस इंचांच्या टीव्हीवर उरलं होतं आणि पेन ड्राइव्हवरून चालत होतं.

गजाननराव निवृत्त मास्तर. पत्नी सुहासिनीबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटच्या दिवाळीत मुलानं, उन्मेषनं, मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ घेतला होता: काळी पैठणी नेसून अंगणात बसलेल्या, हसतायत. टीव्हीवर तो लावला की त्यांचा चेहरा पांढराशुभ्र उजळायचा आणि डोक्याभोवती बारीक प्रकाशाची कड दिसायची. शेजारचे मनीषजी पहिल्यांदा पाहून चपला काढून बसले.

"मास्साब, ये तो आभा है. भाभीजी पुण्यात्मा थीं."

तेव्हापासून गजाननराव येणाऱ्याला चहाच्या आधी वलय दाखवत. "कशाचा त्रास नाही, हसत गेली," हे पुढचं वाक्य. पोटाचा कॅन्सर दिवाळीनंतर महिन्याभरानं कळला होता. त्याआधी "जरा ॲसिडिटी आहे" असं निदान गजाननरावांनी स्वतःच केलं होतं. वलयामुळे त्यांना झोप लागत होती.

वर्षश्राद्धाला नातेवाईक येणार, तर चित्र एकदम बढिया दिसावं, म्हणून उन्मेषनं इंटरनेटवरून फुकटचा टेस्ट पॅटर्न, म्हणजे टीव्हीचा उजेड जुळवायच्या पट्ट्या-रेघांचं चित्र, उतरवून त्याच पेन ड्राइव्हवर टाकला. टीव्ही घेतल्यापासून विविड मोडवर होता, दुकानातल्या ट्यूबलाइटांच्या झगझगाटात ग्राहकाचे डोळे दिपावेत म्हणून असतो तसा.

"आईला श्राद्धासाठी ट्यून करतोयस?" त्याची बायको शलाका स्वयंपाकघरातून म्हणाली.

"चुप बैठ यार. पडदे लाव."

त्यानं मोड बदलून सिनेमा केला आणि पॅटर्न लावला. काळ्यावर जेमतेम कमी काळ्या पट्ट्या होत्या, पण सगळ्या एकाच अंधारात बुडालेल्या. काळ्याच्या लगतची पहिली पट्टी जेमतेम दिसेपर्यंत त्यानं ब्राइटनेस वाढवला. मग पांढऱ्याजवळच्या पट्ट्या. त्या एकमेकींत विरघळून गेल्या होत्या, त्या वेगळ्या होईपर्यंत कॉन्ट्रास्ट उतरवला. शेवटी शार्पनेस. करड्यावर काळ्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरी कड.

गजाननराव चष्मा पुसत पुढे सरकले. "रेघांना पण?"

उन्मेषचा अंगठा रिमोटवर थांबला. हा प्रश्न कुठे जातोय ते त्याला तेव्हा कळलं.

"बाबा, हा शार्पनेस जास्त झालाय. टीव्ही कडा स्वतःच काढतो."

"मग काढू दे की."

"चूक आहे ती."

काळजावर दगड ठेवून ते तसंच सोडण्याऐवजी उन्मेषनं शार्पनेस कमी केला. तो हौशी माणूस, हाताशी पॅटर्न असताना चुकीचं सेटिंग त्याला बघवत नसे. रेघा धूसर होण्याआधी, कडा विरल्या तिथे तो थांबला. मग आईचा व्हिडिओ लावला.

वलय गेलं होतं. पांढऱ्या उजेडाच्या जागी चेहरा होता: पिवळट, गालफडं बसलेली. हसू होतं, पण ओठ दाबून धरलेले. आणि आजवर नुसती काळी दिसणारी पैठणी आता घड्यांसकट दिसत होती. तिच्यात एक हात होता. मूठ पोटात रुतवलेली.

शलाका दारात उभी होती. "आईंना तेव्हाच दुखत होतं," ती म्हणाली, आणि लगेच, "दूध बघते," म्हणून आत गेली.

गजाननराव बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. "मी तिला म्हटलं होतं, ओवा खा," ते म्हणाले.

"बाबा, मला पण तेव्हा दिसलं नाही..."

"पहिल्यासारखं कर."

"पण हे बरोबर आहे, बाबा."

"तेच तर म्हणतोय. पहिल्यासारखं कर."

उन्मेषनं विविड मोड लावला. हात पुन्हा काळ्यात गेला, चेहरा उजळला, वलय परत आलं. काही पुसलं गेलं नव्हतं, एवढं खरं.

श्राद्धाला चाळीसेक माणसं आली. जेवणानंतर व्हिडिओ लावला. स्नेहलतागंजच्या आत्यांनी हात जोडले. "काय तेज आहे रे दादा, हसत गेली वहिनी!"

"हो," गजाननराव म्हणाले. ते टीव्हीकडे पाठ करून बसले होते, आणि जिलबी कमी पडतेय का, एवढंच विचारत होते. त्या रात्रीपासून त्यांनी झोपेची गोळी सुरू केली.

मनीषजींनी मात्र आभा डोळे भरून पाहिली. सुहासिनीबाईंच्या मागे, अंगणाच्या कोपऱ्यात, बंद पडलेला कूलर ठेवलेला होता. वलय त्यालाही होतं.