बावीस तारखेच्या आधी नको

लातुरात औसा रोडला निजामोद्दीनचं दगडकामाचं दुकान. मुसलमानाच्या कबरीचा दगड असो की लिंगायताच्या समाधीचा, अक्षरं तोच कोरायचा. आणि कोरण्याआधीचं लिहिणं-वाचणं त्याच्या बायकोचं, फरीदाचं. तिची रीत ठरलेली. ज्या नंबरवरून पैसे भरल्याचा फोटो आला त्याच नंबरला पोच द्यायची. किती रुपये मिळाले, दगडावर काय लिहायचं, काम कधी सुरू होणार. तिकडून 'बरोबर आहे' असं आलं की मगच छिन्नी. कारण दगडावर एकदा उमटलेला काना कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

त्या सकाळी पाच हजार आले. पाठवणारी ऋतुजा बिराजदार. खाली एक ओळ, 'बाबांनी अॅडव्हान्स पाठवायला सांगितले.'

फरीदाला कालचे अप्पा आठवले. औशाकडच्या बसनं उतरलेले, गळ्याला उपरणं घट्ट गुंडाळलेले. बैल घेताना पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी काळ्या दगडावरून हात फिरवला होता.

"नाव काय घालायचं, अप्पा?"

"शेषेराव बिराजदार." आवाज घोगरा, जात्यात खडा अडकल्यासारखा. "जन्माची तारीख घ्या लिहून. दुसरी मोकळी ठेवा. मागून कळंल."

भाऊबिऊ असंल, तारखेवरून घरात एकमत नसंल, असं फरीदाला वाटलं. असं लई जणांचं असतं.

"आन् बाई, बावीस तारखेच्या आधी दगडाला हात लावू नका. घरात कार्य हाय. पैसे पोचले की मला फोन करून सांगा. बटनाचा फोन हाय माझा, लिहिलेलं काय दिसत न्हाई."

त्यांचा नंबर तिनं वहीत टिपूनही घेतला होता. पण सकाळी पाच हजार दिसले आणि हात सवयीनं चालला. 'अॅडव्हान्स ५,००० रुपये मिळाले. दगडावर नाव: लिंगैक्य शेषेराव बिराजदार. मृत्यूची तारीख कळवावी. समाधीचं काम बावीस तारखेला सुरू करू.'

चहाचा कप ओठाला लागला तोच फोन वाजला.

"कोण बोलताय तुम्ही?" पोरीचा आवाज. "कुणाची समाधी? शेषेराव माझे बाबा आहेत. समोर ओट्यावर बसलेत."

फरीदानं कप खाली ठेवला.

"मला म्हणाले देवघराच्या फरशीचे पैसे आहेत." पोरीच्या मागं मांडववाल्यांची ठोकाठोक चालू होती. "दोन महिने झाले, घसा बसलाय म्हणतात. लातूरला एकटेच जातात. डॉक्टरच्या चिठ्ठ्या बंडीच्या आतल्या खिशात. भाकरी दुधात कुस्करून गिळतात." मग एकदम हळू, "वीसला माझं लग्न आहे, मावशी."

वीस. आणि बावीस. ज्या तारखेकडं फरीदानं काल बघितलंही नव्हतं, ती आता दगडासारखी छातीवर बसली.

"माझं चुकलं गं माय. त्यांनी फोनच करा म्हणलं होतं."

"लग्न पुढं ढकललं तर त्यांना कळंल की मला कळलंय." पोर स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "एवढे दिवस गिळत आलेत, ते माझ्यासाठीच ना. मावशी, एक करा. तुमचं लिहिलेलं पुसून टाका. पोच त्यांनाच द्या, फोन करून. मला काही माहीत नाही."

"आन् तू काय करशील?"

"हळद लावून घेईन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

निजामोद्दीन छिन्नी खाली ठेवून उभा होता. "बोल देना था ना फोन पे," एवढंच म्हणाला. मग काळ्या दगडावर पोतं पांघरलं आणि खडूनं त्यावर बावीस तारीख लिहिली.

फरीदानं ऋतुजाला पाठवलेली पोच पुसली. वहीतला नंबर लावला.

"अप्पा, लातूरहून दगडवाली बोलते. पाच हजार मिळाले. बावीसला काम सुरू करतो. त्याआधी हात लावत न्हाई."

"बरं झालं." लांबलचक खोकला आला. तो ओसरेपर्यंत ती फोन कानाला धरून राहिली. पलीकडं कुठंतरी बायांचं हळदीचं गाणं चाललं होतं, आणि गाण्यातल्या नवरीच्या नावाच्या जागी ऋतुजाचं नाव घालत होत्या. "बाई, एक विचारू? पैसे पोरीच्या फोनवरून टाकले. तिला काय कळालं तर न्हाई ना?"

"न्हाई अप्पा. फरशीचे म्हणूनच आले."

"हाव. हुशार हाय, पण भोळी हाय माझी." ते हसल्यासारखे झाले. "अक्षरं जरा मोठी काढा. तिला लांबून दिसली पायजेत."

फोन ठेवला तेव्हा फरीदाच्या तळहातात तो पुन्हा थरथरला. ऋतुजाच्या नंबरवरून दोनच शब्द आले होते.

'बरोबर आहे.'