उणिवेच्या रकान्यातली सुई

आमच्या रुग्णालयातली रक्ततपासणीची प्रयोगशाळा मी उभारली. आता कारभार सूनबाई पाहते. तरीही वार्षिक मूल्यमापनाचा मजकूर माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय संचालक मंडळाकडे जात नाही. त्या मजकुरावरूनच मंडळ यंदा मुख्य तंत्रज्ञ निवडणार होते, आणि आमच्या तंत्रज्ञ सुईला ती जागा हवी होती. रक्त घेताना हात हलका, म्हणून तिचे हे नाव.

सूनबाईने तिच्याबद्दल लिहिले होते : ‘अत्यंत मेहनती, स्वभाव गोड. मात्र संवाद कमी, कधीकधी हट्टी.’

“हे कामाचं वर्णन आहे की लग्नाच्या स्थळाचं?”

“आई, समतोल नको का? दोन गुण, दोन दोष.”

“भाजी तोलतेस का? हट्टी कधी झाली, ते सांग.”

“यंत्र बिघडलं तेव्हा. अहवाल अडवून बसली. वॉर्डांतून फोनवर फोन!”

तो दिवस मला आठवत होता. उत्तर आधीच ठाऊक असलेला नियंत्रण नमुना यंत्राने चुकीचा मोजला होता. “अगं, मग हा तर गुण!”

“गुण कसला? कळवलं नाही कुणाला. रुग्ण ताटकळले.”

तेही खरेच. एकच घटना; तिला कोणत्या रकान्यात बसवावे, हे आम्हां दोघींनाही उमगेना. अखेर ती दोन्हीकडे लिहिली. गुण : ‘नियंत्रण नमुना मर्यादेबाहेर जाताच अहवाल रोखले; यंत्र दुरुस्त झाल्यावर सर्व नमुने पुन्हा तपासले.’ उणीव : ‘विलंबाची सूचना वॉर्डांना दिली नाही.’ विशेषणे हद्दपार झाली. मला मोठे समाधान वाटले.

सहीसाठी बोलावल्यावर सुईने कागद सावकाश वाचला.

“मॅडम, अतिदक्षता विभागाला मी फोन केला होता. बाकी वॉर्डांना कळवणं स्वागतकक्षाचं काम.”

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. नियम तसाच होता.

“पण स्वागतकक्षाला तू सांगितलंस का?” मी विचारले.

“नाही, बाई. डोकं यंत्रात होतं.”

वाक्य खोडून पुन्हा लिहिले : ‘अतिदक्षता विभागास तत्काळ कळवले, स्वागतकक्षास मात्र कळवले नाही, त्यामुळे इतर वॉर्ड अंधारात राहिले.’

“हे माझंच,” सुई म्हणाली. सही करता करता थबकली. “पण मॅडम, आधीचंच बरं नव्हतं का? ‘संवाद कमी’ तर सगळ्यांच्याच नावापुढे असतं. हे वाचून मंडळ मलाच धरेल.”

नेमके लिहिणे न्यायाचे, हे मी ठामपणे जाणत होते. ते तिच्या हिताचे आहे का, एवढेच जाणत नव्हते. “खरं आहे ना? मग कर सही,” एवढेच म्हणाले.

मंडळाने जागा सुईला दिली. सोबत एक अट : विलंब झाल्यास कुणी कुणाला कळवायचे, ती पद्धत सर्व विभागांसाठी तिनेच बसवावी.

“बाई, ही शाबासकी की शिक्षा?” सुईने विचारले.

मी मंडळाचे पत्र पुन्हा एकदा वाचले. त्यात दोन्हींपैकी एकही शब्द नव्हता.